आमची मासोळी

तलावावर तिला सगळे कोच म्हणत. तिनं शिट्टी फुंकली की पोरं निमूट पाण्यात उतरत, असा दरारा. त्या कोचला बुधवारी मागच्या रांगेतून कोणीतरी "ए मासोळी!" म्हटलं आणि पोरं फिदीफिदी हसली. तिला मासोळी म्हणणारा माणूस जगात एकच होता, तिचे बाबा, आणि ते जाऊन चार वर्षं झाली होती.

झालं होतं असं. शाळेत असताना ही पोहण्याच्या स्पर्धा गाजवायची आणि बाबा काठावर कॅमेरा घेऊन उभे. घरात इंटरनेट नवंनवं आलेलं. बाबांनी हौसेनं एका फोटोंच्या साइटवर 'आमची मासोळी' असं खातं उघडलं. पोहण्याच्या पोशाखातली लेक, गळ्यात पदक, खाली बाबांची एखादी ओळ. त्यात वाईट काय आहे, सांगा! पण पुढे त्या फोटोंखाली कोण कुठले मेले घाणेरडं लिहून गेले, आणि आता ते सगळं पालकांच्या ग्रुपवर फिरत होतं.

क्लबचे सेक्रेटरी खुर्चीत चुळबुळत म्हणाले, "मॅडम, तुमची काही चूक नाही हो. पण सोमवारपर्यंत ते काढा. नाहीतर मुलांची बॅच दुसऱ्याला द्यावी लागेल."

चूक नाही म्हणायचं आणि शिक्षाही द्यायची! पोहायला शिकवण्याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं. ती तशीच घरी येऊन लॅपटॉपसमोर बसली.

पासवर्ड माहीत नव्हता. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर नवा पासवर्ड करायची लिंक बाबांच्या जुन्या ऑफिसच्या मेलवर गेली. ते ऑफिसच आता राहिलं नव्हतं, मेल कुठला! अंदाजानं चार पासवर्ड टाकून पाहिले, तर साइटनं दारच लावून घेतलं. तक्रार केली, तर उत्तर आलं की खातेदाराच्या नोंदलेल्या मेलवरूनच लिहा. खातेदार हयात नसेल तर कागदपत्रं पाठवा, तपासायला काही आठवडे लागतील. सोमवार काही आठवड्यांवर नव्हता. फोटो माझे, अंग माझं, आणि मलाच आत येऊ देत नाहीत! तिला रडूच फुटलं.

डोळे पुसून तिनं साइटचे नियम वाचायला घेतले आणि एका ओळीवर ती थबकली. वर्षभर खातेदार आत आला नाही तर खातं आपोआप पुसलं जातं.

मग हे चार वर्षं जिवंत कसं?

ती तडक आईकडे गेली. आई बाबांच्या खोलीत, बाबांच्याच कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर तीच साइट, आणि वर बाबांचं नाव घेऊन 'पुन्हा स्वागत आहे' असं लिहिलेलं.

"रोज उघडतेस?"

"चहा झाला की," आई म्हणाली. "त्यांनी एकदा आत शिरून ठेवलंय, मला काही विचारत नाही. नाव येतं बघ त्यांचं."

तिनं आईला सगळं सांगितलं. ग्रुप, सेक्रेटरी, ती घाण. आईनं उठून खुर्ची तिला दिली.

खातं बंद करायला, नुसतं लपवायलाही साइट पुन्हा पासवर्ड मागत होती. एकेक फोटो पुसायला मात्र नाही. म्हणजे एकच वाट होती.

"आई, आधी सगळे पेनड्राइव्हवर घेते. बाबांच्या ओळींसकट."

"घे बाई. पण तिथे त्यांचं नाव घेऊन कोणी या म्हणणार आहे का?"

तिनं पेनड्राइव्ह भरला आणि पुसायला सुरुवात केली. प्रत्येक फोटोला आई म्हणायची, "थांब," आणि बाबांची ओळ मोठ्यानं वाचायची. 'आज मासोळीनं दम काढला.' पुसला. 'चौथी आली, रडली, भेळ मागितली.' पुसला. 'मी काठावर, जीव पाण्यात.' इथे तिचा हात थांबला. मनात आलं, जाऊ दे ती बॅच. मग मागच्या रांगेतलं ते हसू आठवलं. आईनंच तिचा हात माऊसवर दाबला. "उरक. पोरं वाट बघतात तुझी."

शेवटचा फोटो गेला. पडदा पांढराफटक झाला, आणि बाबांचं नाव घेऊन साइट म्हणाली: 'पुन्हा स्वागत आहे. तुम्ही अजून एकही फोटो टाकलेला नाही.'

आईनं चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं.

"खोटं बोलतंय मेलं," ती म्हणाली. "तू सांग ना गं साइटवाल्यांना. एवढे टाकले होते त्यांनी."