धक्का-स्टार्ट पंखा

अंबूबाईला राग आला की ती भांडत नाही, कामाला लागते. आणि काम असं करते की ऐकणाऱ्याला वाटावं घरात मारामारी चाललीय. घागर आपटते, दार आपटतं, म्हशीला टाकलेली वैरणसुद्धा आपटल्यागत पडते. नवरा मानसिंग फौजेत सुभेदार. सुट्टीवर आला तरी हा आवाज ऐकून आधी अंदाज घेतो आणि मग घरात पाय टाकतो. सगळ्या वस्तीवर एकच माणूस होता ज्याच्यावर तिला रागावता येत नव्हतं. थोरला दीर, लालासाहेब.

रागावणार कशी? बोलायचीच बंदी. कुंडलची ही लेक उंब्रजच्या या वस्तीवर नांदायला आली तेव्हापासून थोरल्या दिराशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. घरचा रिवाज तसा. डोईवर पदर घ्यायचा आणि काय ते जावेला सांगायचं. जाऊ नसली तर म्हशीला सांगायचं, पण दिराच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात. लालासाहेबही तसेच. "च्या टाका म्हणावं," असं ते खांबाकडं बघून म्हणायचे.

बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडातली एक खोली अंबूबाईनं थर्माकोल मारून पॅक केली, साधा एसी बसवला आणि बटण मशरूमच्या पिशव्या मांडल्या. लालासाहेबांनी जावेमार्फत निरोप धाडला, "कुत्र्याच्या छत्र्या कोण खाणार म्हणावं." अंबूबाईनं म्हशीला उत्तर दिलं, "हायवेवरची हाटेलं खाणार हायत, बाई. तू वैरण खा." पहिला तोडा पिशव्यांवर दाट आला. पांढरीशुभ्र, मुठी मिटलेली बटणं. उद्या तोडायची, हाटेलवाल्यांना तसा शब्द दिलेला.

तोडणीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं खोलीचं दार उघडलं आणि तोंडावर वाफ आली.

आतला एसी वारा फेकत होता, पण तो वारा नुसता पंख्याचा. पिशव्यांवरच्या बटणांच्या मुठी सुटायला लागल्या होत्या. टोप्या उघडून खालच्या तपकिरी झालरी दिसत होत्या. उमललेलं मशरूम हाटेलवाला हातात धरत नाही. अंबूबाई शेडाच्या मागं धावली. बाहेरच्या डब्यातला पंखा जागच्या जागी थरथरत होता, फिरत नव्हता. आत कॉम्प्रेसर "घूंऽऽऽ" करत होता, मग "टक्" आणि गप्प. जाळीत एक वेताची छडी अडकवलेली.

"ही हितं कुणी आणली?" ती म्हणाली. शेडामागं म्हैसही नव्हती उत्तर द्यायला.

गावातला एसीवाला धनाजी फोन केल्याबरोबर आला. आल्याआल्या त्यानं आधी मेन स्विच पाडला.

"गॅस गेला का रं?" अंबूबाईनं विचारलं.

"काकी, एसीनं थंड न्हाई केलं की समदं गाव गॅस म्हणतंय. गॅसचा काय संबंध? पंखाच फिरंना." त्यानं डब्याचं कव्हर उघडलं. "ह्यो बारका चौकोनी डबा बघा, पंख्याचा कपॅसिटर. ह्यो मेला. मोटारीला सुरुवातीचा झटका ह्योच देतोय, आणि पुढं चालताना जोरबी देतोय. ह्याच्याबिगर मोटार नुसती घुमती. कुठल्या अंगाला फिरायचं तेच तिला कळत न्हाई. मग हातानं ढकलाल त्या अंगाला फिरती, बिचारी, ताकद नसल्यागत."

"पण कालपरवापतूर तर गार हुतं की!"

धनाजीनं जाळीतली छडी उपसून तिच्यापुढं धरली. पात्याच्या कडेला ठिकठिकाणी खरवडलेलं. "ह्यानं फिरवत हुतं कुणीतरी."

छडी फौजी होती. टोकाला पितळी टोपण.

तेवढ्यात लालासाहेबांची बुलेट वस्तीवर आली. ते शिरवळच्या लग्नाला जाऊन मुक्काम करून आलेले. धोंडुबाई, म्हणजे त्यांची बायको, अंबूबाईची थोरली जाऊ, तिथंच मागं राहिलेली. लालासाहेबांच्या अंगावर कडक इस्त्री, मिशी वर. सगळी नोकरी फौजेच्या गाड्या चालवण्यात गेलेली, तरी गाव त्यांना मेजरच म्हणायचं. शेडामागं दोघांना बघून ते आले आणि छडी बघून खूश झाले.

"सापडली व्हय! धनाजी, आरं लाईट गेली की त्यो पंखा अडायचा. मी आपला छडीनं एक धक्का दिला की गाडी चालू. लडाखात आमी मायनस टेंपरेचरला ट्रका धक्क्यानं काढल्यात. ह्यो तर पंखा हाय."

"किती दिस, मेजर?"

"हाय की, पंधरवडा. लाईट जाऊन आली की ढकलायचं. एसी तर थांबतच न्हाई, दुसरं कायबी करावं लागत न्हाई."

"आणि काल?"

"काल मी लग्नात."

धनाजीनं कपाळावर हात मारून घेतला. "लाईट गेली असंल, आली असंल. कॉम्प्रेसर पळतोय आणि त्याची गरमी भाईर फेकाय पंखाच न्हाई. तापला, बंद पडला, निवला, पुन्हा तापला. त्या तापानं कॉम्प्रेसरचाबी कपॅसिटर फुगला. ह्ये बघा." गोल जाड डब्याचं डोकं भाकरीगत फुगलं होतं. "म्हणून आता त्योबी नुसता घुमतोय, उठत न्हाई."

"मग मला सांगाय काय झालं हुतं?" अंबूबाई धनाजीकडं बघून म्हणाली. "इचार त्यास्नी!"

धनाजी गोंधळला. लालासाहेब समोर हाताच्या अंतरावर उभे होते. "मेजर, काकी म्हणत्यात..."

"ऐकलं," लालासाहेब खांबाशी बोलल्यागत म्हणाले. "सांग त्यास्नी, धोंडुबाईला सांगितलं हुतं मी. पंखा अडतुया म्हणलं हुतं."

"आक्का मला म्हणल्या, पंखा आडवा हाय! मी म्हणलं पंखा आडवाच असतोय!" अंबूबाईचा आवाज चढला. "धनाजी, सांग त्यास्नी..."

"मेजर, काकी..."

"गप रं!" ती ओरडली. मग ती वळली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. "भावजी! मी तुमच्याशी बोलतीया. माझ्या खोलीला पंधरा दिस काठी घालत हुता आणि मला तोंड उघडून सांगाय जीभ झिजली असती? छत्र्या म्हणून हसायला निरोप धाडता, आणि पंखा बंद पडलाय ह्यो निरोप धाडवत न्हाई? शिरवळला जाताना तरी 'लाईट गेली तर बघा' म्हणायचं! चालू लाईटीत पात्याला काठी! हात गेला असता तर आक्कानं काय केलं असतं? फौजेत हेच शिकिवलं व्हय?"

लालासाहेबांच्या मिशीचं टोक हललं. "मला वाटलं, चालतंय तवर..."

"चालत न्हवतं! मरत हुतं!"

धनाजी खाली बसून काम करत राहिला. दोन्ही कपॅसिटरांत साठलेला करंट आधी रेझिस्टर लावून काढला, मग मीटर लावला. पंख्याचा काहीच दाखवेना, कॉम्प्रेसरचा लिहिलेल्याच्या पाव हिश्शावर आलेला. "कॉम्प्रेसरची वाइंडिंग, आतली तार, शाबूत दिसतीया," तो म्हणाला. "पण चालू हुईस्तवर मी शब्द देत न्हाई. त्यो जळला असंल तर पीक सोडा, एसीच गेला." कॉम्प्रेसर हाताला गार लागेपर्यंत तिघं शेडामागं उभे होते.

नवे डबे बसले. धनाजीनं मेन स्विच वर केला. काही वेळ काहीच नाही. मग पंखा आपणहून फिरला, आणि कॉम्प्रेसर घुमून न अडता दणक्यात चालू झाला. धनाजीनं तांब्याच्या जाड पाईपवर हात ठेवला, तो गार पडत चालला होता, आणि जमलं म्हणून मान हलवली.

अंबूबाईनं सुस्कारा वगैरे टाकला नाही. राग तसाच घेऊन ती खोलीत शिरली. निम्म्याहून जास्त माल उमलला होता. उरलेला मिटला होता तो आजच, आत्ताच तोडायला लागणार होता. उद्याची वाट बघितली तर तोही जाणार.

लालासाहेब दाराशी घुटमळत होते. सवयीनं ते चौकटीकडं बघून म्हणाले, "कायतरी मदत लागंल का म्हणावं..."

"चौकटीला हात न्हाईत, भावजी," ती आतून म्हणाली. "मिटल्याली ह्या करंडीत, उघडल्याली त्या पाटीत. देठ पिळून काढायचं, वढायचं न्हाई. आणि बूट भाईर काढा."

लालासाहेबांनी बूट काढले. पहिलंच मशरूम त्यांनी ओढून तोडलं.

"पिळून म्हणलं न्हवं का!"

"बरं," लालासाहेब तिच्याकडं बघून म्हणाले.