प्रत माहितीसाठी

प्रमोदिनीबाईंनी एकोणतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात बसून पत्रं लिहिली, पण त्यातलं एकही स्वतःसाठी लिहिलं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांना, महापालिकेला, बाकं वेळेवर न देणाऱ्या सुताराला, सगळ्यांना त्यांनीच लिहायचं आणि खाली सही मुख्याध्यापकांची. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ हे शब्द हाताला इतके बसले होते, की भाजीची यादी करतानासुद्धा वर ‘विषय’ लिहायचा राहून जायचा तो केवळ जागा नसायची म्हणून. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणत. वर्गावर कधी गेल्या नव्हत्या, पण शाळेतलं बाईमाणूस म्हणजे बाईच.

शुक्रवार पेठेत त्या एकट्या भाड्याने राहत. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्याआधी नऊ वर्षांत त्यांनी चार घरं बदलली होती आणि प्रत्येक वेळी तीच भांडी त्याच वर्तमानपत्रांत गुंडाळली होती. आता त्यांना घर बदलायचं नव्हतं. घर आवडलं होतं अशातला भाग नाही. पुन्हा गादी दोरीनं बांधायची, पुन्हा नव्या दुधवाल्याला जिना समजावून सांगायचा, एवढं बळच उरलं नव्हतं.

घरमालक म्हणजे अप्पा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे. बायको वारल्यावर ते पेठ वडगावला मुलाकडे राहायला गेले आणि घर भाड्याने दिलं, ते शेगडी-सिलिंडरसकट. अट एकच. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाला कुलूप राहील. “तेवढं एक कपाट आमचं. बाकी समदं तुमचं,” ते म्हणाले होते. बाईंना वाटलं, बरं आहे, पुसायला एक कपाट कमी.

पण त्या कपाटानंच घात केला. पहिल्या वर्षी दाराच्या फटीतून एखादं झुरळ यायचं. दुसऱ्या वर्षी त्यांचं गोकुळ झालं. बारीक, तांबूस, चपळ. मिक्सरच्या बुडाखाली, बटणांच्या पाटीत, चहाच्या डब्याच्या झाकणात. बाईंनी खडूच्या रेघा ओढल्या, फवारे मारले, बोरिक पावडरीच्या गोळ्या केल्या. कपाटाबाहेरची मेली, आतली सुखानं नांदली. सकाळी दिवा लावला की ओट्यावरून सगळी त्या एका दाराकडे पळायची. बंद दाराच्या पलीकडे औषध मारायचं कसं, हे खडूच्या डबीवर लिहिलेलं नव्हतं.

त्यात गॅसचा पाईप. नारिंगी रंग केव्हाच मळकट झालेला, त्यावर छापलेली मुदत चार वर्षांमागे संपलेली, आणि शेगडीच्या तोंडाशी इतक्या भेगा की आतली तार दिसायची. चहा ठेवला की वास यायचा. बाई खिडकी उघडायच्या, काम झालं की लगेच रेग्युलेटर बंद करायच्या, आणि शाळेत गेल्यावर आपण तो बंद केला की नाही याची काळजी करत बसायच्या. एकदा त्या एजन्सीत नवा पाईप मागायला गेल्या. खिडकीतल्या मुलीनं कार्ड मागितलं. कार्ड अप्पांकडेच असणार.

पाच वेळा त्यांनी अप्पांना फोन केला. पाचही वेळा उत्तर एकच. “व्हय व्हय, बघूया की. तुमी पाईपीला हात लावू नका, मी येतो.” आणि यायचे नाहीत. सिलिंडर संपलं म्हटलं की मात्र तासाभरात नंबर लावून टाकायचे. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच जास्त राग यायचा. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

मार्चच्या सुरुवातीला, एका दुपारी, डब्यातल्या पोळीत झुरळाचा पाय निघाला. बाईंनी डबा बंद केला, संगणक पुढे ओढला आणि पत्र लिहायला घेतलं. विषय: भाड्याच्या स्वयंपाकघरातील झुरळांचा प्रादुर्भाव व गॅसची तडा गेलेली नळी याबाबत. मग मुद्दे. एक, झुरळे कुलूपबंद कपाटातून येतात. कपाट उघडून साफ केल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. दोन, नळीची मुदत संपली असून तीतून गॅसचा वास येतो, जिवास धोका आहे. तीन, यापूर्वी पाच वेळा तोंडी कळवले आहे, तारखा खालीलप्रमाणे. शेवटी ‘आपली विश्वासू’. आणि त्याखाली, एकोणतीस वर्षांच्या सवयीनं, काही विचार न करता: प्रत माहितीसाठी, गॅस एजन्सी.

ती ओळ नुसती शोभेची होती. शाळेच्या पत्राखाली ‘प्रत’ असली की समोरचा जरा घाबरतो, एवढंच. पण शाळेचा शिपाई पिराजी हा फार सरळ माणूस. बाईंनी टेबलावर ठेवलेलं पत्र त्यानं पाहिलं, खाली ‘प्रत’ वाचलं, झेरॉक्स काढली, मूळ पत्र टपालात टाकलं, आणि शाळेच्या स्वयंपाकाचं सिलिंडर सांगायला एजन्सीत गेला तेव्हा प्रत तिथे देऊन वर पोच घेऊन आला. संध्याकाळी शिक्का मारलेली पोच त्यानं बाईंच्या हातात ठेवली.

“हे काय केलंस रे पिराजी?”

“प्रत लिवली हुती की तुमी.”

बाईंनी पोच घडी करून पर्समध्ये ठेवली. पुढचे आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. एकतीस मार्चला भाडेकरार संपत होता. अप्पांची एजन्सीकडे तक्रार म्हणजे घर गेल्यातच जमा. त्यांनी माळ्यावरून गादी बांधायची दोरी काढून ठेवली. वडगावहून ना फोन, ना पत्र.

फोन आला तो एजन्सीकडून. लेखी तक्रार आली आहे, तपासणी करावीच लागेल, कार्डधारकांनाही हजर राहायला सांगितलंय. रविवारी अकरा वाजता नौमान नावाचा मेकॅनिक आला. तरुण, कमी बोलणारा. त्यानं वाटीत साबणाचं पाणी केलं, पाईपाला लावलं, रेग्युलेटर सुरू केला. भेगेतून फसाफसा बुडबुडे आले. त्यानं लगेच रेग्युलेटर बंद करून काढला आणि सिलिंडरवर टोपी घट्ट बसवली.

“मॅडम, किती दिवस वापरताय हे?”

“तीन वर्षं.”

“नशीब म्हणायचं.”

तेवढ्यात अप्पा जिना चढून आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या म्हणाले, “पत्र पोचलं, बाई.” बस, एवढंच. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या, आपल्याच घरात पाहुण्यासारख्या.

नौमाननं कागद काढला. “कार्ड शालूबाईंच्या नावावर हाय. नंबर बी त्यांच्याच फोनवरनं लागतोय, पण केवायसी ऱ्हायलंय. त्या कुठायत?”

अप्पा खिडकीकडे बघत राहिले. शालूबाई म्हणजे त्यांची बायको, हे बाईंना माहीत होतं. चार वर्षांपूर्वी ती गेली, हेही. कनेक्शन अजून तिच्याच नावावर आहे, सिलिंडरचा नंबर अप्पा तिच्याच फोनवरून लावतात, हे मात्र आज कळत होतं. पाईप बदलायचा तर कार्ड काढायचं, कार्ड काढलं की माणूस कुठाय असं कुणीतरी विचारणार. म्हणून पाच वेळा ‘बघूया की’.

“ती न्हाय,” अप्पा शेवटी म्हणाले. “चार वर्सं झाली.”

नौमाननं कागद खाली ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाला, “काका, नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, आणि पोरांची हरकत न्हाय असं लिहून द्या. पाईप मी आत्ताच बसवतो, माणसं जळाय नकोत. पण कार्डावरचा नंबर बघाय लागंल.”

“कार्ड त्या कपाटात हाय.”

अप्पांनी पिशवीतून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, नौमाननं तेल सोडल्यावर निघालं. दार उघडलं आणि झुरळांचा लोंढाच बाहेर पडला, भिंतीवर, ओट्यावर, अप्पांच्या सदऱ्यावर. अप्पा हलले नाहीत. बाईंनीच पुढे होऊन त्यांचा खांदा झटकला.

आत फारसं काही नव्हतं. निळं कार्ड, दोन पातेली, एक चष्मा, मसाल्याच्या पुड्यांचे कुरतडलेले कागद, आणि मधोमध चिनी मातीची मोठी बरणी. तोंडाला बांधलेलं फडकं झुरळांनी जाळीसारखं करून टाकलं होतं.

“चटणी हाय,” अप्पा म्हणाले. घराघरांत उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करतात, ती. “तिची शेवटची. मसाला कुटायच्या डंकावर सोता उभी ऱ्हाऊन कुटून आणलीती. जूनमध्ये ती गेली. वडगावला सून इकतची आणती. म्हटलं, ही आपली हितंच ऱ्हाऊ दे. खायाची न्हाय, टाकायची न्हाय.”

त्यांनी फडकं सोडलं आणि बरणी बाईंच्या पुढे धरली. “मला तर चटणीचा वास येतोय. तुमी बघा बरं. हाय का अजून?”

बाईंनी वाकून बघितलं. वर काळपट थर, त्यात जाळी, त्यात वळवळ. वास होता तो नुसता कुबट. हो म्हणणं किती सोपं होतं. म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं, करारही झाला असता. पण त्या फार थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला खोटं बोलायचीही ताकद लागते.

“नाही, अप्पा,” त्या म्हणाल्या. “गेलीय.”

अप्पांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. “पोरगं न बघताच म्हणतं, असंल की अजून वास. सून म्हणती, असंल. मला बरं वाटावं म्हणून.” मग बरणीचा काठ धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले, “तुमचं पत्र आठ दिस वाचतोय. एक शबूद खोटा न्हाय त्यात.”

बरणी त्यांनी स्वतःच खाली नेली. बाई खिडकीतून बघत होत्या. मागच्या अंगणात त्यांनी ती उपडी केली, हातानं खरवडली, वर माती ओढली आणि तिथंच उकिडवे बसून राहिले. वर नौमाननं नवा नारिंगी पाईप बसवला, पुन्हा साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही.

अप्पा वर आले ते धुतलेली बरणी घेऊनच. “झुरळाच्या औषधवाल्याला उद्या धाडतो. कपाट तुमी वापरा आता. आनि एक अर्ज लिवून द्या मला, नाव बदलायचा. तुमास्नी जमतंय.”

बाईंनी कागद घेतला. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. कनेक्शन माझ्या पत्नीच्या नावे असून त्या. इथं लेखणी थांबली. अशा अर्जात पुढे कोणता शब्द येतो ते त्यांना पाठ होतं, शेकडो वेळा लिहिला होता.

“लिवा,” अप्पा म्हणाले. “खरं त्येच लिवा.”

‘मयत’ असं त्यांनी लिहिलं. अप्पांनी सही केली. मग शाई वाळेपर्यंत दोघंही तिथंच बसले, आणि बाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदाच खिडकी न उघडता चहा ठेवला.