ठाण्यावर बसवलेला माणूस

आमच्या भागात तेव्हा अटकेचे दोन प्रकार होते. एक कायद्यातला आणि दुसरा 'बसवून ठेवण्याचा'. कायद्यातल्या अटकेत कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. बसवून ठेवण्यात यातलं काहीच करावं लागत नाही. माणूस ठाण्याच्या व्हरांड्यात बसलेला असतो, रात्री आतल्या खोलीत बसलेला असतो, आणि कुणी विचारलं तर 'चौकशीला आलाय' एवढंच उत्तर मिळतं. फौजदाराच्या मनात येईल त्या दिवशी त्याची अटक 'दाखवली' जाते. तालुक्याच्या कोर्टातल्या जुन्या वकिलांना यात काही वावगं वाटत नसे. मी नवी होते, बाईमाणूस होते आणि तोंडाची फटकळ होते, त्यामुळे मला वाटायचं.

नगर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याचं नाव लिहीत नाही. ठाणं अजून तिथंच आहे, त्यातली माणसं बदलली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बहात्तरचा मोठा दुष्काळ अजून पडायचा होता आणि उसाचा हंगाम जोरात होता. पूर्वेच्या कोरड्या भागातून तोडणीच्या टोळ्या आल्या होत्या आणि कारखान्याच्या वाटेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या.

गुरुवारी सकाळी अशाच एका कोपीतली बाई माझ्या दारात येऊन बसली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. ती मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच टेकली.

"वकीलबाई, आमच्या मालकाला ठान्यावर ठिवलंय. मंगळवारपासनं."

"कशासाठी?"

"बागाइतदाराचं इंजन चोरीला गेलं. विहिरीवरचं. म्हनत्यात, तुमीच नेलं. आवो, ते इंजन उचलाया चार मानसं लागत्यात, आन् आमी नेऊन ठिवनार कुठं? कोपीत?"

एखाद्या विहिरीवरचं काही गेलं की पहिला संशय टोळीवर, हे ठरलेलंच. मी विचारलं, पोलीस घेऊन गेले का? तिनं मान हलवली. टोळीचा मुकादम घेऊन गेला होता. हवालदार मंगळवारी दिवस मावळताना कोप्यांवर आला, तेव्हा मुकादमानं त्याचे पाय धरले. दोरी लावून टोळीतून नेऊ नका, माझ्या टोळीचं नाव जाईल, मी स्वतः आणून हजर करतो, असं म्हणाला. मग नवऱ्यानं धुतलेला सदरा घातला, पटका बांधला आणि मुकादमाबरोबर चालत ठाण्यावर गेला. मुकादम परत आला, नवरा आला नाही.

"काल भाकर घिऊन गेले तर आत सोडलं न्हाई," ती म्हणाली. "भिंतीपल्याड आवाज आला. त्यांचाच हुता. आज रात्री पुन्हा तितंच ठिवलं तर मानूस हाती लागायचा न्हाई."

ती रडली नाही. मी तिला घेऊन तडक ठाण्यावर गेले.

फौजदार चहा पीत होते. माझ्याशी ते नेहमी गोडच बोलत. "या वकीलबाई. कुणाचं काय काढलंत आज?"

मी म्हटलं, माझ्या अशिलाला भेटायचंय.

"अटकच नाही, तर अशील कसला? चौकशीला बोलावलाय. तोही आपण होऊन आला. विचारा त्याच्या मुकादमाला."

"अटक नसेल तर मी त्याला आत्ता घरी घेऊन जाते."

"तसं कसं जाईल? चौकशी अर्धी राहिलीय."

"म्हणजे जाता येत नाही. म्हणजे अटक आहे. मग मला भेटू द्या, कारण सांगा आणि कोर्टात उभा करा. एक तर तो मोकळा आहे, नाहीतर अटकेत. मधलं असं काही नसतं, फौजदारसाहेब."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुम्ही लहान आहात बाई. शिकाल," म्हणाले, आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती आणि दारापुढे कोप्यांवर आलेला तोच हवालदार स्टूल टाकून बसला होता. बाईनं दाराकडे पाहून एकदाच हाक मारली, "आवो." आतून कुणी ओ दिली नाही. हवालदारानं आम्हाला बाहेर काढलं.

कायदा म्हणतो, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तास. आमच्या ठाण्याच्या आणि कोर्टाच्या मध्ये एक सायकलचं दुकान आणि एक रसवंती होती. तेवढा प्रवास मी रागाच्या भरात केव्हा केला, कळलंही नाही.

बेकायदा डांबलेल्या माणसाला शोधून आणण्यासाठी पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट वॉरंट काढू शकतो. फौजदारी संहितेतलं ते कलम आमच्याकडे सहसा कुणी वापरत नसे, कारण वापरणाऱ्याला उद्याही त्याच ठाण्यात जायचं असे. बाररूममध्ये मी अर्ज लिहायला बसले तेव्हा एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "पोरी, पाण्यात राहून माशाशी वैर?" मी म्हटलं, मी पाण्याबाहेर आहे, आत तो माणूस आहे. हे उत्तर तेव्हा मला फार झोकदार वाटलं होतं. अर्ज झाला, बाईचं प्रतिज्ञापत्र झालं, तिचा अंगठा उठला.

मॅजिस्ट्रेट कमी बोलणारे गृहस्थ होते. अर्ज वाचला, बाईला दोन प्रश्न विचारले आणि वॉरंट लिहायला सांगितलं. पण कोर्टातली बातमी वॉरंटाच्या आधी पोचते. कारकुनाचं लिहून होतंय तोवर फौजदार स्वतः दारात हजर, आणि त्यांच्यामागे दोन शिपायांच्या मध्ये तो माणूस.

हाडापेरानं मोठा, तिशीतला. पटका डोक्यावर नव्हता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता आणि कुठल्याच पायावर नीट उभा राहत नव्हता. बायकोनं त्याच्या पायांकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

फौजदारांनी शांतपणे सांगितलं, आरोपीला आज सकाळी अटक केली, मुदतीच्या आत हजर केलंय, चोरीचा माल काढायचाय, सात दिवसांची पोलीस कोठडी मिळावी. सात दिवस! आजची रात्र काढणं जिथं कठीण होतं तिथं सात. मी उठले आणि सांगितलं, अटक मंगळवारची आहे, चोवीस तास कालच उलटले.

"तो आपण होऊन आला होता," फौजदार म्हणाले. "आरोपीलाच विचारावं, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "तुला कधी पकडलं?"

तो दुखऱ्या पायांवर शक्य तितका ताठ झाला. "पकडलं न्हाई साहेब. म्या चोर न्हाई. मला कुनी धरून न्हेलं न्हाई. म्या माझ्या पायानं गेल्तो."

फौजदार हसले. मी खाली बसले. दोन रात्री मार खाऊन हा माणूस अब्रू राखायला निघाला होता! कोर्टात मागे मुकादम उभा होता, टोळीतली चार माणसं होती. त्यांच्यादेखत 'मला पोलिसांनी धरलं' हे शब्द तोंडातून काढणं त्याच्या लेखी चोरी कबूल करण्यासारखंच होतं. ज्याला पोलीस धरून नेतात तो चोर आणि जो चालत जातो तो साव, हा त्यांच्या टोळीचा कायदा. मुकादमानं त्याला तेच पढवून नेलं होतं, आणि नेमकं तेच फौजदारांच्या पथ्यावर पडलं होतं. ओरडून त्याला गप्प करावंसं वाटलं, पण काय ओरडणार?

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. "बरं. तुझ्या पायानं गेलास. केव्हा?"

"मंगळवारी. दिवस मावळताना."

"मग तुझ्याच पायानं परत का गेला नाहीस?"

तो गोंधळला. हे त्याला कुणी पढवलं नव्हतं. त्यानं फौजदारांकडे पाहिलं.

"तिकडे नाही. इकडे बघून सांग."

"निगालो हुतो साहेब. त्याच रातीला. म्हनलं कोपीवर जाऊन भाकर खाऊन येतो. हवालदार म्हनला, उंबरा वलांडशील तर तंगडं मोडीन. मग आतल्या खोलीत घातलं आन् कडी लावली."

"पाय कसे सुजले?"

त्यानं धोतराचा सोगा पायांवर ओढला. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं नाही. शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. आरोपीला खुर्ची, आमच्या कोर्टात मी प्रथमच पाहत होते. तो बसेना. शेवटी साहेबांनी "बस" म्हणून हुकूमच दिला, तेव्हा कडेला टेकला.

मग ते फौजदारांना म्हणाले, "माणूस चालत आला की दोरीनं आला, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. हात न लावताही अटक होते. उठून जाता येत नाही, त्या घटकेपासून तो तुमच्या ताब्यात. मंगळवारी रात्री धरलेला माणूस तुम्ही गुरुवारी दुपारी आणलात, तोही वॉरंट निघतंय हे कळल्यावर."

"साहेब, चौकशी..."

"लेखी खुलासा द्या. पोलीस कोठडी नाही."

पायांची सरकारी दवाखान्यात तपासणी करून अहवाल मागवला आणि जामीन मंजूर केला. पण जामीन राहणार कोण? परमुलखातली माणसं, इथं ओळखीचं कुणी नाही. जामीनदार मिळाला नाही तर त्याची रवानगी तुरुंगात. मी मागे वळून मुकादमाकडे पाहिलं, तर तो दाराकडे सरकत होता. त्याच्या आधी ती बाई दारात पोचली आणि आडवी उभी राहिली.

"तुमी नेऊन सोडलंत," ती म्हणाली. "तुमीच आना." एवढंच, आणि आवाज न चढवता. टोळीतली चारही माणसं मुकादमाकडे बघत राहिली. तो मुकाट्यानं पुढे आला आणि जामीन राहिला. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की स्वतःचा वाटायचा राहूनच गेला.

खुलाशाचं पुढे काही झालं नाही, एवढं ज्येष्ठ वकिलांच्या समाधानासाठी सांगून टाकते. खटलाही उभा राहिला नाही, पुरावाच नव्हता.

पण त्या दुपारचं अजून एक सांगायचं आहे. कागद पुरे झाले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आता जा. दवाखान्यात दाखव आणि घरी जा. तू मोकळा आहेस."

तो खुर्चीवरून उठला, पण हलेना. बायकोनं दंड धरला, तरी हलेना. मी म्हटलं, "अहो, सुटलात. चला." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही पाहिलं नाही. तो फौजदारांकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "जाऊ का, साहेब?"

मॅजिस्ट्रेट थांबले, मीही थांबले. फौजदारांनी मान हलवली, तेव्हा तो निघाला.