डॉक्टरांच्या सल्ल्यानेच

इंग्रजी मेन्यूकार्डावर दोन जातींच्या ओळी होत्या आणि मी त्यांचं एकमेकींशी लग्न लावून टाकलं. प्रत्येक उपचाराखाली आधी लिहिलेलं, हा उपचार कोणाला अजिबात देऊ नये. मग त्याखाली, कोणी आधी डॉक्टरांना विचारावं. इंग्रजीत हे सगळं बारीक अक्षरात गुण्यागोविंदानं मावलं होतं. मराठी जरा ऐसपैस बसते. त्यात हितेशशेठना कार्डाच्या मधल्या घडीवर डोळ्यांवर काकडी ठेवून निजलेल्या बाईचा फोटो हवा होता आणि ती बाई एक इंचही सरकायला तयार नव्हती. मग मी सगळ्या उपचारांखालच्या सगळ्या सूचना उचलल्या आणि मागच्या पानावर तळाशी एकच ओळ लिहिली: 'गर्भवती महिला तसेच रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह इत्यादी असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उपचार घ्यावेत.'

ओळ छान झाली होती. आमच्या जिंतूरच्या शाळेत तिला फळ्यावर जागा मिळाली असती. वाशीच्या ज्या छपाईच्या दुकानात मी टायपिंग, डिझाइन आणि भाषांतर असं तीन माणसांचं काम करतो, तिथले मालकही म्हणाले, "आटोपशीर."

हे कार्ड उलव्याच्या एका नव्या वेलनेस सेंटरचं. हितेश घरत त्याचे मालक. वाडवडलांची जमीन शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग झाली, आणि खालच्या दुकानात मोबाईलवाला टिकेना म्हणून शेठनी तिथे शांतता विकायला काढली. कोचीहून एक सल्लागार आला, त्यानं उपचार ठरवले, इंग्रजी मेन्यू लिहिला आणि गेला. राहिला मी. मला शिरोधारा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर हॉट स्टोन मसाजला मी पहिल्या खर्ड्यात 'तापलेल्या दगडांचा मार' असं काहीसं लिहून ठेवलं होतं.

म्हणून शेठनी माझ्या मदतीला क्रांती खिल्लारे दिली. "ती समजावंल तुला. शिकलेली हाय."

क्रांतीताई हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावकडची. बारावीनंतर नर्सिंगच्या कोर्सला लागली होती. वडील गेले आणि कोर्स अर्ध्यावर राहिला. लग्न होऊन इकडे आली. नवरा अभय द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या कामावर. ती आधी तळोज्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायची, मग मसाजचा कोर्स केला. या सगळ्याची तिला ना खंत होती ना अभिमान. सांगताना ती टॉवेल घड्या करत होती आणि घड्या अगदी सरळ पडत होत्या.

मी जिंतूरचा कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमच्या शेजारचेच की तुम्ही. तरी बोलता असं पुण्यातल्यावानी."

"ते शुद्ध बोलणं आहे, ताई."

"असंल. आम्हाला सर्दी झाल्यावानी वाटलं."

तेव्हापासून मी मास्तर झालो. तिनं मला एकेक उपचार समजावला. गरम दगडांत साखरवाल्यांना काय धोका, तर पायाची संवेदना कमी झालेली असते, चटका बसला तरी कळत नाही. पोटऱ्या जोरात का चोळायच्या नाहीत, तर कोणाच्या शिरेत गुठळी असली तर ती सुटून भलतीकडे जाते. वाफेच्या पेटीत फक्त डोकं बाहेर असतं आणि आतून अंग तापतं, म्हणून ताप असलेला, बीपी आटोक्यात नसलेला, हृदयाचं दुखणं असलेला माणूस आणि गरोदर बाई तिथे चालत नाही. मी माना डोलावत होतो. एवढं ऐकूनही मी ती एक ओळ लिहिली, कारण ऐकणं सकाळी झालं होतं आणि काकडीवाली बाई संध्याकाळी आली.

दुपारी ती डबा खायची तेव्हा मला अर्धी भाकरी द्यायचीच. एकदा मला निघायची घाई होती तर शेंगदाण्याच्या चटणीचा अख्खा डबाच हातात दिला. स्टीलचा, झाकणावर सासूचं नाव कोरलेलं, 'जाईबाई'. म्हणाली, "सासूचा आहे, मास्तर. हरवला तर मला घर सोडावं लागंल."

मग कार्डाचा नमुना घेऊन मी सेंटरवर गेलो. सेंटर उघडायचं होतं आणि शेठनी सल्लागाराकडून एक पद्धत उचलली होती: गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक उपचार कामावरच्या बायांनी एकमेकींवर करून बघायचा. एकीनं द्यायचा, दुसरीनं घ्यायचा. त्या आठवड्यात वाफेची पेटी होती आणि आत बसायची पाळी क्रांतीताईची होती.

तिनं नमुना हातात घेतला, मागचं पान उलटलं, वाचलं, परत पुढचं पान बघितलं.

"मास्तर, वाफेचं इंग्रजीत काय लिहिलंय, वाचा बरं."

मी फोनवर काढून वाचलं आणि अर्थ सांगितला. गरोदर असल्यास देऊ नये.

"अन् तुम्ही काय लिहिलं?"

"तेच. म्हणजे सगळ्यांचं मिळून. आता डॉक्टर थोडाच हो म्हणणार आहे?"

"तेच नाही ते," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, हळू आवाजात म्हणाली, "मला तिसरा चाललाय."

मला आधी कळलंच नाही. तिसरा काय, असं विचारणार होतो, तेवढ्यात उजेड पडला.

तिचा बेत साधा होता. शेठला सांगायचंच होतं, पण नुसतं तोंडानं नाही. त्यांचंच कार्ड त्यांच्यासमोर धरायचं. शेठ, तुमच्याच कागदावर आहे, अशा बाईनं वाफेत बसू नये. मग ओघानंच म्हणायचं, काही महिने मला काउंटरवर बसवा, फोन घेते, नावं लिहिते. काउंटरला माणूस लागणारच होता. "शेठ कोणाचं ऐकत नाहीत," ती म्हणाली, "पण छापलेलं असलं की ऐकतात. अन् हे सल्ल्याचं वाचलं की म्हणतील, जा, सल्ला घेऊन ये. आमच्या दवाखान्यातली डॉक्टरीण काय कागद लिहून देणार आहे व्हय? ती म्हणंल, वाफ कशाला पाहिजे तुला, काम सोड अन् घरी बस."

मी म्हणालो, बदलतो. खरंच बदलणार होतो. पण फाईल छपाईला गेली होती. थांबवायची तर मालकांना फोन करावा लागला असता, मालकांनी काकडीवाल्या बाईचं काय करायचं ते विचारलं असतं, शेठना विचारायला सांगितलं असतं. मी म्हटलं, रात्री शांतपणे करतो. रात्री शांतता होती. फोन मात्र केला नाही.

छापलेली कार्डं घेऊन मी गेलो त्याच दिवशी ती शेठसमोर उभी होती. पेटीत बसायचा दिवस आला होता, आता थांबणं शक्य नव्हतं. तिनं सांगितलं. कार्ड पुढे केलं नाही, कारण पुढे करण्यासारखं त्यावर काही नव्हतं. शेठनीच माझ्या हातातल्या गठ्ठ्यातलं एक काढलं आणि उलटून वाचलं. वाचताना त्यांचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा झाला.

"'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.' बरोबर हाय. मंग घेतलास सल्ला?"

"शेठ, वाफ देऊच नये असं आहे."

"कुठं हाय? मना दाखव. मी नाय बोलत नाय तुला. चिठ्ठी आन, पेटीत नको बसू, मी काउंटर देतो. बिनचिठ्ठीची तुला ठेवली आन काय झाला तं माझ्यावर येल. म्हनजे येल का नाय?"

मी मध्ये बोललो. "शेठ, इंग्रजीत देऊ नये असंच आहे. मीच ते एकत्र केलं."

हितेशशेठ माझ्याकडे बघून हसले. वाईट माणूस नाही हो तो. गणपतीला सगळ्या बायांना साड्या देतो. "तूच लिवलास ना? आता तूच बोलतोस चूक हाय? तुमी शिकलेली लोकं एकदा काय ता ठरवा." आणि तिच्याकडे वळून, "तुज्या भल्यासाठीच सांगतंय, पोरी. घरी आराम कर. पोर झाला का ये. जागा असली तं बघू."

क्रांतीताईनं एप्रन काढला, घडी केली, काउंटरवर ठेवला. घडी नेहमीसारखीच सरळ होती. जाताना मला म्हणाली, "जयभीम, मास्तर." रागानं नाही. राग असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

ती डॉक्टरणीकडे गेली होती म्हणे. डॉक्टरणीनं कागद दिला नाही. म्हणाली, वाफ घेऊ नको आणि मला असलं काही लिहायला सांगू नको. दोन्ही बरोबरच. काउंटरवर उरणहून कोणी मुलगी आली.

सेंटर उघडलं आणि पुढच्याच महिन्यात शेठच्या वहिनी माहेरच्या मैत्रिणीला घेऊन आल्या. मैत्रीण गरोदर. मागच्या पानापर्यंत कोण जातं. क्रांतीताईच्या जागी घेतलेल्या मुलीनं पेटी तापवलीही होती. वहिनींनी सहज विचारलं, हिला चालतं ना, आणि कोणालाच सांगता येईना. वहिनींनी घरी जाऊन जो आवाज केला तो उलव्यापासून वाशीपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी शेठचा मला फोन.

"त्या ओळी सुट्ट्या कर. एकेका उपचाराच्या खाली. देऊ नये तं देऊ नये, मोठ्या अक्षरात."

"जागा नाही, शेठ. फोटो आहे."

"काढ तो फोटो. माणसाच्या जिवापेक्षा मोठा हाय काय तो?"

काढला. काकडीवाली बाई माऊसच्या एका टिचकीत गेली. तिच्या जागी सगळं मावलं. गरम दगड, मधुमेहानं संवेदना कमी झालेल्यांना देऊ नये. पोटऱ्यांचा खोल मसाज, शिरेत गुठळी असल्यास किंवा पूर्वी झाली असल्यास देऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं. वाफेची पेटी, गरोदर महिलांना देऊ नये. सगळं तिनं सांगितलं तसंच. उरलेल्या जागेत दुकानाच्या मालकांनी एक कमळ टाकलं.

शेठ कार्डावर खूश आहेत. दुसरं सेंटर काढतायत, तिथेही हेच छापायचं म्हणतात. मी त्यांना म्हटलं, पहिल्या वेळची क्रांती आठवते का, तिला आता बोलवा. ते म्हणाले, "ती? ती तं स्वतःच गेली ना."

ती आता नवऱ्याच्या कामाजवळ, द्रोणागिरीकडे खोली घेऊन राहते. मुलगी झाली. अभयच्या फोनवरून तिचा निरोप आला होता, मुलीचा फोटो आणि खाली, 'मास्तर सासूबाई डबा विचारायल्या'. मी लिहिलं, आणून देतो. त्यालाही आता बरेच दिवस झाले.

डबा माझ्या टेबलावर आहे, घासून पालथा घातलेला. रिकामा डबा परत करायचा नसतो एवढं आईनं शिकवलंय. नवं कार्ड एकदा घडी करून आत ठेवून बघितलं, मग काढलं. ते तिला कशाला द्यायचं. मागच्या रविवारी वाशीच्या मार्केटमधून पाव किलो मनुका आणल्या. संध्याकाळपर्यंत त्या दुकानात सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.