फक्त आकडे बदलले

पाध्ये मास्तर रत्नागिरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवीत, म्हणजे मुलांना तुच्छ लेखण्याचा पगार घेत. १९३४ साली खाडीपलीकडच्या गावात देवीची साथ आली, ये-जा करणारी होडी, म्हणजे तर, बंद झाली आणि तिकडची मुले वार्षिक परीक्षेला मुकली. हेडमास्तरांनी फेरपरीक्षेसाठी तेवढाच कठीण पेपर मागितला. मास्तरांनी जुन्याच गणितांचे आकडे बदलले.

"पेपर तोच आहे," ते गुर्मीत म्हणाले.

"मग माझ्यासमोर सोडवा."

पहिल्या पेपरात भागाकार निःशेष जात होते. इथे प्रत्येक उत्तर अपूर्णांकांत अडकले. वेळ संपली तेव्हा मास्तरांचा निम्मा पेपर कोराच होता.

शेवटी हेडमास्तरांनीच निःशेष भाग जाणारे आकडे घातले, आणि बरीच मुले पास झाली. मास्तर मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, "ती पोरं फुकट सुटली."