डावा पीळ

मी डावखुरा आहे. शाळेत त्याबद्दल मार खाल्ला, घरी टोमणे ऐकले, आणि धंद्यात आल्यावर मामांनी मला सरळ 'डावरं' हेच नाव ठेवलं. मामा माझे नात्याने कुणी नव्हते. दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत ते इलेक्ट्रिशियन होते आणि मी त्यांच्या हाताखाली. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही.

तारेचं टोक सोललं की आतले तांब्याचे बारीक धागे बोटांनी पिळून घ्यावे लागतात, नाहीतर एखादा धागा स्क्रूबाहेर राहतो. उजव्या हाताचा माणूस तो पीळ एका बाजूला देतो, मी दुसऱ्या. मामा टोक बघूनच सांगायचे, "हे डावऱ्याचं काम." मला तेव्हा त्याचा राग यायचा.

गेल्या आठवड्यात त्या वायनरीतून फोन आला. सात वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मामांची नोकरी सुटल्यावर त्यांची जागा मला मिळाली होती. तीन महिने ती नोकरी केली आणि सोडली. का सोडली हे कुणी विचारलं तर मी पगाराचं कारण सांगायचो. खरं कारण असं, की त्या टाक्यांच्या हॉलमध्ये मला मामांचा खोकला ऐकू यायचा. मामा तेव्हा जिवंत होते, सायखेड्याला आपल्या घरी होते, तरी यायचा. दीड वर्षापूर्वी ते वारले.

चार नंबरच्या टाकीचा सेन्सर चालत नव्हता. टाकीच्या मानेत बसवलेला हा सेन्सर रस वरपर्यंत आला की निरोप देतो, पॅनलमधला रिले कट् वाजतो आणि पंप बंद होतो. सात वर्षांपूर्वी ऐन हंगामात त्याने निरोप दिला नाही. टाकी भरली, रस वरून वाहिला आणि एका सकाळचा सगळा माल गटारात गेला. तेव्हापासून तो सेन्सर बंदच होता. हंगामात एक माणूस टॉर्च घेऊन शिडीवर उभा राहायचा आणि रस वर आला की ओरडायचा, "बस्स!" आता वायनरीच्या शेठना तो माणूस वाचवायचा होता. नवे सेन्सर आणले, एक जळला, दुसरा बसवला, तोही गप्प. आधी येऊन गेलेल्या दोघांनी सांगितलं की केबल खराब आहे, पूर्ण ओढून नवी टाका.

"त्या म्हाताऱ्याचं वायरिंग," शेठ मला म्हणाले, "त्यात काय नीट असणार? लोकं अजून हिला म्हाताऱ्याची टाकी म्हणतात."

मी मनात ठरवून टाकलं की केबल बदलणार नाही. मामांचं वायरिंग नीट आहे हे या माणसाला दाखवूनच जायचं. एवढ्याचसाठी मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो.

माझ्याकडचा मल्टिमीटरही मामांचाच. नोकरीवरून निघताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला होता. पिवळ्या रबराच्या कव्हरवर त्यांच्या अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. मामांचा एक नेम होता. कुठेही मीटर लावण्याआधी लाल-काळी टोकं एकमेकांना टेकवायची आणि टीं असा आवाज ऐकायचा. "आधी मीटरला विचार, बाबा तू जित्ता हायेस का. मेलेल्याची साक्ष घेऊ नको." मी टोकं टेकवली. टीं वाजलं. त्या गार हॉलमध्ये आवाज घुमला. खरं सांगतो, मी मागे वळून पाहिलं.

पॅनलपासून सुरुवात केली. सप्लाय चोवीस व्होल्ट, ठीक. शिडीवर चढलो, सेन्सरचा प्लग काढून त्यातल्या तीन पिनांवर मीटर लावला. या सेन्सरला तीन तारा असतात: तपकिरी म्हणजे प्लस, निळी म्हणजे मायनस आणि काळी म्हणजे निरोपाची. पिन एक प्लस, तीन मायनस, चार निरोप. एक आणि तीनमध्ये चोवीस व्होल्ट आले. आधीच्या दोघांनी इथवरच पाहिलं असणार. मीही एकदा याच शिडीवर, याच पिनांवर चोवीस बघून खाली उतरलो होतो.

ते आठवलं आणि हात थांबला.

सात वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मामा पंपाचं सील आणायला नाशकात गेले होते. शिडी सरकवताना कुणाचा तरी धक्का बसून प्लग उपसला गेला, तारा बाहेर आल्या. दाराशी द्राक्षांच्या गाड्या रांगेत उभ्या. मी म्हटलं, मी लावतो. प्लग उघडला, तीन टोकं नवीन सोलली, पिळली, स्क्रूखाली कसली. पिनांवर चोवीस आले, सेन्सरचा हिरवा दिवा लागला. मामांची पद्धत अशी की सेन्सर मानेतून बाहेर काढायचा, त्याच्यासमोर तळहात धरायचा, एका माणसाला पॅनलपाशी उभं करायचं आणि रिले वाजल्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खाली उतरायचं नाही. गाड्यांचे ड्रायव्हर हॉर्न मारत होते. मी उतरलो.

आता मी पिन एक आणि चारमध्ये मीटर लावला. तिथेही चोवीस. दोन्हीकडे चोवीस कसे येतील? येतात. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे रिलेच्या कॉइलमधून फिरून आलेले चोवीसही तो तितक्याच खात्रीने दाखवतो. खाली येऊन सप्लाय बंद केला. पॅनलच्या मायनसपासून एक लांब तार वर नेली आणि मीटर आवाजावर ठेवला. पिन तीनला टोक लावलं. मीटर वाजायला हवा होता. वाजला नाही, पडद्यावर साडेसहाशेच्या आसपास ओहम, म्हणजे मध्ये कॉइल होती. पिन चारला लावलं.

टीं.

जिथे वाजायचं नाही तिथे वाजलं. मायनस निरोपाच्या पिनवर आणि निरोपाची तार मायनसच्या पिनवर. सेन्सर कॉइलमधून उसना श्वास घेऊन दिवा तेवढा लावत होता, आणि रस दिसला की त्याचा निरोप सरळ मायनसमध्ये, शॉर्ट.

केबल चांगली होती. पॅनलकडची टोकं मामांची होती, तीनही बरोबर. चूक प्लगमध्ये होती. मी प्लगचं झाकण फिरवून काढलं. वायनरीत येण्याआधी घरांच्या वायरिंगमध्ये माझी सहा वर्षं गेली होती आणि तिथे काळी तार म्हणजे न्यूट्रल. बोटांना तेच ठाऊक. मायनसच्या पिनला मी काळी लावली होती, उरलेल्या पिनला निळी. स्क्रू सैल केले, दोन्ही टोकं बाहेर आली. धाग्यांना पीळ होता, डावा.

मी शिडीच्या पायरीवर बसलो. खाली शेठचा पोरगेला सुपरवायझर विचारत होता, "काका, सापडलं का?" मी पुन्हा त्या टोकांकडे पाहिलं.

त्या सकाळी रस वाहून गेल्यावर मामा परतले होते. शेठ लोकांसमोर ओरडत होते. मामा शिडीवर चढले, प्लग उघडला, बघितला आणि तसाच बंद केला. खाली येऊन म्हणाले, "वायरिंग माझं हाय." शेठनी कशालाही हात लावू दिला नाही, तिथल्या तिथे घरी पाठवलं. मी मीटर पुसत उभा होतो. मला वाटलं, म्हातारा वयानं चुकला. मी तसं एकदोघांना बोललोही. तो खोकला मला का ऐकू यायचा हे सात वर्षं मलाच माहीत नव्हतं, किंवा कुठेतरी माहीत होतं.

टोकं कापली, नवीन सोलली, निळी तीनला, काळी चारला. मायनसपासून तीनला टीं, चारला गप्प. सप्लाय दिला, सेन्सर बाहेर काढून तळहात समोर धरला आणि सुपरवायझरला पॅनलपाशी उभं केलं. तो ओरडला, "वाजला काका!" नशिबाने नवा सेन्सर शाबूत होता. मी हात काढला, पुन्हा धरला, पुन्हा काढला. तो प्रत्येक वेळी ओरडत राहिला आणि मी रडत होतो.

शेठना ऑफिसात जाऊन सांगितलं, चूक मामांची नव्हती, माझी होती. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली. "जाऊ दे रे आता, माणूस गेला. चालू झालं ना?" या एका वाक्याने जेवढी चीड आली तेवढी स्वतःचीही आली नव्हती. मी म्हटलं, तुमच्या सगळ्या माणसांना बोलवा. बोलावली त्यांनी, नाइलाजाने. मी टाकीखाली उभा राहून पुन्हा सांगितलं. दोघं जुने होते, ते खाली बघत राहिले.

काल सायखेड्याला गेलो. मामी ओट्यावर मेथी निवडत होत्या. मामा घरी बसल्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरी केली. बोटांची नखं अजून काळी आहेत. मी सगळं सांगितलं, पिनांचं, तारांचं, पिळाचं. त्यांचे हात चालूच होते.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्याच रात्री बोलले व्हते. म्हनले, डावऱ्याला सांगू नको. त्याचा हात कापंल, अन् या धंद्यात हात कापून चालत नाय."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"त्यांनी तुला माफ केलं, ते त्यांचं. मला कुनी इचारलं नव्हतं." मेथीची काडी बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "लेकीला हे ठाऊक नाय. बापाच्या चुकीनं आपली शाळा सुटली, असं धरून बसलीये ती. शेवटी शेवटी बापाशी बोलतसुदिक नव्हती. रईवारी येनार हाय. तिच्यासमोर सांग."

रविवार परवा आहे. कापलेली ती दोन टोकं मी शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून ठेवली आहेत, एक निळं, एक काळं. तिला पीळ कसा ओळखायचा ते दाखवावं लागेल. आज सकाळी एका ठिकाणी कामाला गेलो होतो. मीटरची टोकं एकमेकांना टेकवायला गेलो तर ती नीट भेटेनात, हात कापत होता.