मुहूर्ताची फाइल

खंडेनवमीला आमच्या साखर कारखान्यात यंत्रांची पूजा होते. टर्बाइनपासून टायपिंगच्या जुन्या मशिनीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. संगणक विभाग माझ्याकडे आहे, त्यामुळे सर्व्हरसमोर नारळ फोडू नका हे दरवर्षी ओरडून सांगायचं कामही माझंच.

त्या वर्षी दसऱ्याची सुट्टी संपवून सकाळी स्क्रीन उघडली तर लाल पट्टी. शिराळ्याकडच्या गट ऑफिसातल्या संगणकावर परवानगी नसलेला पेनड्राइव्ह लावून ऊस नोंदणीची यादी कॉपी केली होती. यादीत शेतकऱ्यांचे आधार, मोबाइल, बँक खाती, सगळंच. लॉगिन सुभेदारांचं.

सुभेदार म्हणजे तिथले सीनियर क्लार्क. फौजेतून सुभेदार होऊन आले, म्हणून सगळे तसंच म्हणायचे. निवृत्तीला दोन महिने उरले होते. मी नोकरीला लागले तेव्हा जीपमधून गावोगाव फिरवून मला ऊस ओळखायला शिकवणारा हा माणूस. अलर्ट एमडी साहेबांनाही गेला होता. त्यांचा फोन आला, "डेटा चोरी म्हणून लिहा, निलंबन काढतो."

माझं डोकंच फिरलं. साहेबांवर का सुभेदारांवर, तेही कळेना. तडक जीप काढून शिराळा गाठलं.

"सुभेदार, पेनड्राइव्ह कुठाय?"

"देवापाशी हाय की."

भिंतीवरच्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीपुढं, झेंडूच्या फुलाखाली तो निवांत पडला होता. अंगभर हळद.

"आवं ताई, मुहूर्ताची फाइल हाय ती. खंडेनवमीला हंगामाची पयली यादी त्यात घालायची, मग पूजा. दरसाल करतो."

नेटला न जोडलेल्या माझ्या लॅपटॉपवर आधी व्हायरस तपासून तो उघडला. आत सात फोल्डर, सात हंगामांचे. एकही यादी पुसलेली नाही.

"आणि जुन्या का ठेवल्या?"

"मुहूर्ताचं पुसत्यात व्हय?"

हसावं का कपाळ बडवून घ्यावं! हा पेनड्राइव्ह एसटीत पडला असता तर सात हंगामांच्या शेतकऱ्यांची खाती उघड्यावर आली असती. हे मी चांगलंच खडसावून सांगितलं. सुभेदार सावधानमध्ये उभे असल्यासारखे ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "चूक झाली म्हनून लिव्हा ताई, लय मोठी लिव्हा. पन चोरी लिव्हू नका. फौजेची धरून चाळीस वर्सं नोकरी केली, कागदावर डाग न्हाई." मी तोंड फिरवून केबल गुंडाळत बसले.

तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या संगणकाला लागलाच नाही, हे सिद्ध करता येत नव्हतं. आमचा एजंट, म्हणजे संगणकांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, फक्त आमच्याच मशिनी बघतो. अहवालात मी तेही लिहिलं. पण पहिलं वाक्य स्वतःविरुद्ध लिहिलं: नवीन एजंट मी अडवण्याऐवजी नुसती नोंद करण्यावर ठेवला होता, आणि नियमाचं परिपत्रक इंग्रजीत, ईमेलवर पाठवलं होतं. गट ऑफिसात ईमेल कोण उघडतंय! एमडी साहेबांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, तुम्हालाही मेमो द्यावा लागेल." म्हटलं, द्या. दोघांना दिला. सुभेदारांच्या मेमोवर लिहिलं होतं: नियमभंग, हेतू वाईट नव्हता.

मग नियम नीट बसवला. साहेब म्हणत होते सगळे यूएसबी पोर्टच बंद करा. मी म्हटलं, मग वजनकाट्यावरचा पावतीचा प्रिंटर आणि माउस कशाला लावायचा, डोक्याला? फक्त साठवणुकीची उपकरणं अडवली, केबलने जोडलेले मोबाइलसुद्धा. दोन मशिनींवर आठवडाभर चालवून पाहिलं, मग सगळीकडे. जिथं नेट सारखं बंद पडतं त्या गट ऑफिसांना पासवर्डचे, एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह दिले, एकेकाचा सिरियल क्रमांक नोंदवून. बाजारातल्या स्वस्तातल्यांवर कधी कधी डझनभरांचा क्रमांक एकच निघतो, म्हणून ते बाद. परिपत्रक मराठीत काढलं आणि सुभेदारांनी ते गटागटांत जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं.

जुना पेनड्राइव्ह नुसता फॉरमॅट करून भागणार नव्हतं, चिप फोडायची ठरली. चौकशी संपल्यावर सुभेदार घरून स्वतःची हातोडी घेऊन आले. साक्षीदारासमोर चिप बाहेर काढली. त्यांनी आधी तिला हात जोडले आणि मग असा एक घाव घातला की टेबल हललं. रिकामं कव्हर त्यांनी रुमालाने पुसून माझ्या हातात दिलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या सेवापुस्तकात चोरी हा शब्द नव्हता. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

गेल्या वर्षी सुभेदार गेले. यंदा खंडेनवमीला सर्व्हरसमोर पाट मांडला, त्यावर ते रिकामं कव्हर ठेवलं आणि हळद लावली. जुनी हळद खाचेत अजून होतीच, ती मी पुसली नाही.